आपण म्हणजे कोण?

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी काही वर्षे एचआरमध्ये होते. पदाचे नाव भारदस्त होते, पण दिवसातला बराच वेळ इंग्रजीतून आलेल्या नोटिसा मराठीत करण्यात जायचा. कॅन्टीनची वेळ बदलली, ओळखपत्र नवे आले, दिवाळीची सुट्टी एक दिवस पुढे गेली, असले सगळे मजकूर. हेड ऑफिसकडून इंग्रजी मेल यायचा, तो ऑफिसमधल्या लोकांना तसाच जायचा आणि शॉपफ्लोअरसाठी त्याचे मराठी करून गेटजवळच्या काचेच्या फळ्यावर लागायचे. कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तोच मजकूर जाई.

मराठी बरे येते म्हणून हे काम माझ्याकडे आले होते, आणि ते येते म्हणजे काय याचा मला तोवर नीट पत्ता नव्हता. तो एका बसच्या नोटिशीने लागला.

मूळ मेल पाच वाक्यांचा होता. ‘ऑपरेशनल रीझन्स’मुळे येत्या सोमवारपासून सर्व बस १० मिनिटे आधी सुटतील. सर्वांनी थांब्यावर ५ मिनिटे आधी यावे. बस थांबून राहणार नाहीत. गैरसोयीबद्दल दिलगिरी. सहकार्याबद्दल आभार. यातले दुसरे वाक्य इंग्रजीत जरा लोण्यात घोळवलेले होते, ‘वुई वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड’ अशा सुरुवातीचे. इंग्रजीत ऑफिसात हे रोजचे बोलणे आहे. त्यात हुकूमच असतो, पण तुम्ही नाही म्हणू शकता असा आव आणून दिलेला. तो आव दोन्ही बाजूंना माहीत असतो आणि त्यामुळेच कोणी दुखावत नाही.

मी त्याचे मराठी असे केले: ‘सर्व कामगारांना सूचित करण्यात येते की, येत्या सोमवारपासून सर्व बस निर्धारित वेळेच्या १० मिनिटे आधी सुटतील. तरी सर्वांनी आपापल्या थांब्यावर ५ मिनिटे आधी हजर राहावे. बस थांबणार नाही याची नोंद घ्यावी. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.’

साहेबांनी वाचले, ठीक म्हणाले. ‘हजर राहावे’ विनम्रच आहे, ‘राहा’ थोडेच म्हटलेय! दिलगिरीही होती. मी सही-शिक्का घेऊन नोटीस लावली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रेस शॉपमधले एक ऑपरेटर आले. वय पन्नाशीच्या पुढे, सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचे. दारातच उभे राहून म्हणाले, “मॅडम, ही नोटीस कुणाला धरून लावलीय?”

“म्हणजे काय, मामा?”

“नाही, गेल्या आठवड्यात मोशीच्या थांब्यावर दोन पोरांची बस चुकली. ती पोरं म्हणत्यात, आमच्यामुळंच लावली. हजर राहावे म्हणजे कुणीतरी गैरहजर होतं, असंच की.”

मला आधी हसू आले आणि मग आले नाही. मामांचे वाचन अचूक होते. हजर राहायला सांगतात ते कोर्ट, पोलीस चौकी आणि शाळा. त्या शब्दाच्या मागे एक हजेरीपट असतो आणि त्या पटावर कोणाच्या तरी नावापुढे खाडा असतो. ‘नोंद घ्यावी’चेही तसेच. मराठीत नोंद घ्यायला सांगितली की वाचणारा पुढे ‘अन्यथा’ शोधतो. आणि ‘सहकार्याची अपेक्षा आहे’ हे तर मी आभारांच्या जागी घातले होते! मुळात आभार होते, माझ्या हातून ते मागणे झाले. मराठी नोटिशीतली अपेक्षा ही इच्छा नसते, ती जमा न झालेली वसुली असते.

गंमत अशी, की मी हे मराठी परत इंग्रजीत करून पाहिले. त्या काळी मी तपासायची हीच एक पद्धत मला ठाऊक होती. परत इंग्रजी केले तर ‘प्लीज बी प्रेझेंट’, ‘प्लीज नोट’ असे सगळे सभ्य आणि निर्दोष निघाले. ‘राहावे’ या क्रियापदाचा तिथे ‘प्लीज’ होतो आणि हजेरीपट गाळणीतच राहतो. अर्थाची चूक असती तर सापडली असती. पायरी चुकली होती, ती उलट भाषांतरात दिसत नाही.

ही पायरी कुठे चुकते, याचा मी मग नाद घेतला. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की ते मराठी मी कामगारांसाठी लिहिलेच नव्हते. ते मी जिथून शिकले तिथल्यासारखे लिहिले होते. आपल्याला कार्यालयीन मराठीचा एकच मोठा नमुना उपलब्ध आहे, तो सरकारी. राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले. पुढे पदनाम कोश, शासन व्यवहार कोश असे कोश तयार झाले, आणि कारभाराला मराठी शब्द मिळाले. ते काम मोठे होते, त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण त्या मराठीची वाक्ये ज्या नात्यातून येतात ते नाते ठरलेले आहे. शासन नागरिकाला कळवते, किंवा खालचे कार्यालय वरच्याला सादर करते. ‘कळविण्यात येते’, ‘आदेश देण्यात येत आहेत’, ‘सादर करण्यात यावे’. या वाक्यांना कर्ता नसतो. कोणी ठरवले, कोण सांगतोय, काही नाही. आकाशवाणी झाल्यासारखे. कारखान्यातला मॅनेजर आणि ऑपरेटर सकाळ-संध्याकाळ एकमेकांना तोंडाने भेटतात. तो मॅनेजर फळ्यावर असा आकाशातून बोलू लागला की ऑपरेटरला वाटते, काहीतरी बिनसले.

कायद्याचा इथे उपयोग नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १०८ होते: नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी लावाव्यात. समजेल अशी भाषा, एवढेच. माझी नोटीस सगळ्यांना समजली होती. जरा जास्तच समजली होती.

मग मी दुसरा मसुदा केला, आणि नवशिक्या माणसाप्रमाणे दुसऱ्या टोकाला गेले. ‘आदरणीय सहकारी, आपणांस नम्र विनंती आहे की, आपण आपल्या थांब्यावर कृपया ५ मिनिटे आधी पोहोचावे. आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत.’ हा लावण्याआधी मामांना दाखवला, तेवढी अक्कल आली होती. मामांनी सावकाश वाचला. “मॅडम, एवढं गोड म्हणजे बस बंद करणारेत का?” आणि मग मधल्या वाक्यावर बोट ठेवून, अगदी निरागस चेहऱ्याने: “हे आपण पोहोचावे म्हणजे साहेब पण येणार का बसनं?”

हा प्रश्न मी नंतर किती जणांना सांगितला असेल! पण तो नुसता विनोद नाही, व्याकरणात तो खरोखर आहे. मराठीत ‘आपण’ हा शब्द दोन कामे करतो. एक, समोरच्याला धरून आम्ही: ‘चला, आपण चहा घेऊ.’ दोन, समोरच्याला आदराने तू: ‘आपण कुठून आलात?’ बहुतेक वेळा क्रियापद निवाडा करते. ‘आपण येणार आहोत’ म्हणजे सगळे, ‘आपण येणार आहात’ म्हणजे तुम्ही. पण ‘यावे, करावे, पोहोचावे’ या रूपात तो निवाडा होत नाही. ‘आपण लवकर पोहोचावे’ हे मी मित्रमंडळींत म्हणाले तर आपण सगळे, आणि पाहुण्यांना लिहिले तर तुम्ही. म्हणजे आदरासाठी आपण ज्या दोन गोष्टी एकदम वापरतो, ते सर्वनाम आणि ते क्रियापद, त्या दोन्ही एकत्र आल्या की नेमका कोण पोहोचायचा आहे हेच धूसर होते. लग्नपत्रिकेत चालते, तिथे यजमान आधीच पोहोचलेला असतो. बसच्या नोटिशीत चालत नाही.

‘आपण’ची दुसरी अडचण हिंदीतून येते. आमच्या नोटिसा हिंदीतही लागत आणि कधी कधी घाईत हिंदीवरूनच मराठी केले जाई. हिंदीत परक्या मोठ्या माणसाला ‘आप’ हा साधा, रोजचा शब्द आहे. म्हणून ‘आप’ला ‘आपण’ टाकले की काम झाले असे वाटते. पण आपल्याकडे रोजची पायरी ‘तुम्ही’ आहे. सासूबाईंना, डॉक्टरांना, साहेबांना, रिक्षावाल्या काकांना, सगळ्यांना तुम्ही. ‘आपण’ त्याच्या एक पायरी वर आहे. ते व्यासपीठावर, निमंत्रणात, नाहीतर बँकेच्या पत्रात भेटते. रोज ज्याच्याशी ‘तुम्ही’ने बोलतो त्याला फळ्यावर ‘आपण’ म्हटले तर मान वाढत नाही, अंतर वाढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिसळ: सुरुवातीला ‘आपणांस’, मध्ये ‘तुमचे ओळखपत्र’, शेवटी ‘जमा करा’. एकाच परिच्छेदात वाचणाऱ्याला खुर्ची देऊन, मग सतरंजीवर बसवून, शेवटी उभे केल्यासारखे होते. आजही कोणाचे भाषांतर तपासायचे असले की मी पहिल्यांदा फक्त सर्वनामे आणि क्रियापदांची शेपटे वाचते, मजकूर नंतर.

पूर्वीच्या पत्रांत ही भानगड पहिल्या ओळीतच मिटायची. ‘तीर्थरूप’ लिहिले की खालून वर, ‘चिरंजीव’ लिहिले की वरून खाली, आणि ‘स.न.वि.वि.’ म्हणजे बरोबरीचा व्यवहार. एकदा मायना ठरला की पुढे माणूस मोकळेपणी लिहायचा. आता मायना उरला नाही. ‘डिअर ऑल’चे ‘प्रिय सर्व’ करणारे लोक मी पाहिलेत. ते मराठीच नव्हे. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ म्हणावे तर ते युनियनच्या सभेतले, मॅनेजमेंटच्या तोंडी ते उसने वाटते. मी शेवटी मायना सोडूनच दिला आणि वर नुसता विषय लिहू लागले. नोटीस आहे, पत्र नव्हे.

मग राहिले मुख्य वाक्य. ‘पाच मिनिटे आधी’ या भागाचे काय करायचे? इथे माझी एक समजूत मोडली. मला वाटायचे, आज्ञार्थ म्हणजे उद्धट. ‘या, करा, भरा’ हे फळ्यावर लिहायचे नाही, त्याचे ‘यावे, करावे, भरावे’ करायचे, म्हणजे सभ्य. हे खरे तर इंग्रजीचे भय आहे. इंग्रजीत नुसते ‘कम’ म्हणणे अंगावर येते म्हणून ते त्याला ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘अप्रिशिएट’ असे गुंडाळतात. मराठीत दारात पाहुणा आला तर आपण काय म्हणतो? ‘या, बसा, पाणी घ्या.’ तिन्ही आज्ञार्थ, आणि यापेक्षा अगत्याचे बोलणे आपल्याकडे नाही. त्याच पाहुण्याला ‘यावे, बसावे’ म्हटले तर तो नाटकात आल्यासारखा बघेल. आदर ‘या’मधल्या अनेकवचनात आधीच आहे, त्यावर आणखी काही चढवायची गरज नसते.

उलट ‘-वे’ लावलेले क्रियापद किती धारदार होऊ शकते ते पुण्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पेठांतल्या दारांवरच्या पाट्या आठवा. चपला बाहेर काढाव्यात, बेल एकदाच वाजवावी, दुपारी एक ते चार येऊ नये. व्याकरणाने बोट ठेवायला जागा नाही, कृपयासुद्धा असतो, आणि तरी वाचणारा दोन पायऱ्या खाली उतरतो.

आता राहिला इंग्रजी वाक्यातला तो आव, नाही म्हणण्याची मुभा असल्याचा. ‘याल का?’ असे विचारावे तर तो खरा प्रश्न होतो, आणि कोणीतरी नाही म्हणते. ‘आल्यास आम्हाला आनंद होईल’ हे तर वाढदिवसाचे आमंत्रण. मला वाटते मराठीत हे काम क्रियापदाने होत नाही, कारण सांगून होते. मोठ्या माणसाला आपण काम सांगतो तेव्हा काय करतो? ‘काका, जरा सरकता का, बाईंना उतरायचंय.’ कारण आले की हुकूम उरत नाही. आमच्या मेलमध्ये कारण होते, पण ‘ऑपरेशनल रीझन्स’ एवढेच. त्याचे मी ‘कार्यचालनविषयक कारणास्तव’ करणार होते, थोडक्यात वाचले.

इथे भाषांतरकाराची हद्द येते. कारण मनाने घालता येत नाही. मी साहेबांना फोन करून विचारले, की खरे कारण काय. ते म्हणाले, “अगं, काय म्हणजे? तळेगाव चौक! पहिली पाळी ७ ला आणि बस पोहोचते त्याच्यानंतर.” मी म्हटले, हे लिहू का? ते क्षणभर थांबले. हे लिहायला काही हरकत आहे असे त्यांना वाटत नव्हते, लिहायचे असते हेच सुचले नव्हते. भोसरी-मोशीहून येणारा प्रत्येक जण त्या चौकात रोज अडकतो. त्याला ते कारण सांगणे म्हणजे, तू ज्यात अडकतोस ते आम्हाला ठाऊक आहे, असे म्हणणे.

तिसरी नोटीस अशी झाली:

‘बसच्या वेळेत बदल. सकाळी तळेगाव चौकातल्या गर्दीमुळे बस कंपनीत उशिरा पोहोचत आहेत. म्हणून येत्या सोमवारपासून सर्व बस १० मिनिटे आधी सुटतील. तुमच्या थांब्यावर ५ मिनिटे आधी या, म्हणजे बस चुकणार नाही. बसला थांबून राहता येणार नाही. यामुळे तुम्हाला घरून लवकर निघावे लागेल, याची आम्हाला कल्पना आहे. कोणाला अडचण असेल तर एचआरमध्ये येऊन सांगा. सहकार्याबद्दल धन्यवाद.’

साहेबांना एका जागी शंका होती. ‘दिलगीर’ कुठे गेले? मूळ मजकुरात ‘रिग्रेट’ आहे. मी म्हटले, दहा मिनिटांसाठी ‘दिलगीर’ हा मोठा शब्द आहे, तो पगार उशिरा झाला तर लागेल, जपून ठेवू. ते हसले नाहीत, पण सही केली. ‘एचआरमध्ये येऊन सांगा’ हे वाक्यही मुळात नव्हते, ते त्यांना विचारून घातले. आणि ‘थांबणार नाही’चे ‘थांबून राहता येणार नाही’ झाले. पहिल्यात बस अडून बसलेली वाटते, दुसऱ्यात तिचा नाइलाज दिसतो.

अंगात आले म्हणून मग सगळेच मऊ करत सुटले नाही, हेही सांगते. प्रेसवर लावायच्या पाटीसाठी कोणीतरी ‘मशीन चालू असताना हात आत घालू नये ही विनंती’ असे लिहून आणले होते. ते मी फाडले. तिथे ‘हात घालू नका’. ‘नये’ हे सगळ्या जगाला उद्देशून असते आणि ‘नका’ हे समोर उभ्या असलेल्याला. बोटे जाण्याची शक्यता असते तिथे विनंती करायची नसते. दुसरीकडे शिस्तीच्या नोटिशीत मुळात ‘मे रिझल्ट इन’ असताना ‘कारवाई करण्यात येईल’ असे सर्रास लिहितात. मूळ म्हणते होऊ शकते, मराठी म्हणते होणारच. चौकशी व्हायच्या आधीच शिक्षा सांगून टाकायची! हा सौजन्याचाच नव्हे, सरळ खरेपणाचा प्रश्न आहे, आणि ऑफिसचा मेल व फळ्यावरची नोटीस अशा दोन्ही वाचणारे सुपरवायझर हा फरक बरोबर टिपतात. साहेबलोकांना ‘शकते’, आम्हाला ‘येईल’.

माझी तपासणी तेव्हापासून एकच आहे. मजकूर मोठ्याने वाचायचा आणि ऐकणाऱ्याला अर्थ न विचारता विचारायचे, हे कोण कोणाला म्हणतंय? ‘साहेब आपल्याला सांगतायत’ असे उत्तर आले तर लावायचा. ‘तलाठी’ किंवा ‘हेडमास्तर’ असे आले तर परत बसायचे. मामा या परीक्षेत फार कडक होते. एकदा म्हणाले, “हे सेल्समन म्हणतोय.” तो मसुदा मी बदलला.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले, ५८ पूर्ण करून. हेड ऑफिसकडून ठरावीक इंग्रजी पत्र आले, नाव तेवढे बदलायचे. त्यात त्यांच्या सेवेचे ‘अप्रिशिएशन’ होते. आधीच्या एका पत्रात कोणीतरी त्याचे ‘आपल्या कामाचे कंपनी कौतुक करते’ असे केलेले मला फाइलमध्ये सापडले. कौतुक आपण नातवाचे करतो, पहिलीच पोळी गोल लाटणाऱ्या मुलीचे करतो. ज्याने २२ वर्षे प्रेस चालवला त्याचे कौतुक करायला कंपनी त्याची आजी नव्हे. मी ‘कृतज्ञ आहे’ लिहिले. आणि बऱ्याच दिवसांनी, पूर्ण विचार करून, त्या पत्रात ‘आपण’ वापरले. ‘आपण या कंपनीत २२ वर्षे काम केले.’ हे फळ्यावर लावायचे नव्हते, हार घालून हातात द्यायचे होते, आणि घरी गेल्यावर त्यांची सून ते मोठ्याने वाचणार होती.

कॅन्टीनमध्ये कार्यक्रम झाला, सामोसे झाले. मामा पत्र घेऊन कोपऱ्यात माझ्यापाशी आले, चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

“मॅडम, हे आपण म्हणजे मी एकटाच ना? का साहेब पण रिटायर होतायत?”